सूचनेत उरलेला आवाज

आमच्या मंडळाची विसर्जनाची सूचना दरवर्षी आमचे हेच सांगायचे. टॉवेलच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात बोलून त्यांचा आवाज खणखणीत झाला होता. मिरवणुकीचा मार्ग, वेळ, गाड्या कुठं लावायच्या, मुलांना कसं सांभाळायचं, सगळं एका दमात सांगत. गेल्या वर्षीची सूचना मंडळानं फोनवर रेकॉर्ड करून ठेवली होती.

उन्हाळ्यात हे गेले. त्यानंतर मी फक्त विसर्जनाची वाट बघत होते. त्या दिवशी तरी ते गल्लीत बोलणार होते.

विसर्जनाच्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष, ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, जुनी सूचना यंदा लावता येत न्हाय."

"का? आवाज जड झाला का तुम्हाला?" मी फटकन बोलले.

"तसं न्हाय ओ. मधला रस्ता ड्रेनेजसाठी खणलाय. पोलिसांनी मार्ग बदलून दिलाय, मिरवणूकबी दोन तास अलीकडं आलीय. जुनी लावली तर लोकं पोरं घेऊन खड्ड्यापाशी जाऊन थांबत्यात की."

"मग हे आज सांगताय?"

"कालपासनं धीर होईना बघा."

मी रागानंच म्हटलं, लावा, ऐकू दे मला. त्यांनी फोनवर लावलं. मार्ग चुकीचा. वेळ चुकीची. गाड्या लावायला सांगितलेल्या मैदानात यंदा मंडळांच्या ट्रॉल्या उभ्या राहणार होत्या. माईकवरून कोणी चुकीचं सांगितलं तर हे भर गर्दीत त्याच्या हातातून माईक ओढून घ्यायचे. आता त्यांचंच चुकत होतं आणि ते दुरुस्त करायला ते नव्हते. मुलांचा विषय निघायच्या आतच मी फोन बंद करायला लावला.

"कापा तेवढं," मी म्हटलं. "पोरांचं काही बदललेलं नाही, ते राहू द्या."

अध्यक्ष गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

दुपारी सूचनेचा टेम्पो गल्लीत आला. एका मुलीच्या आवाजात नवा मार्ग आला, नवी वेळ आली. मिरवणुकीच्या रस्त्यावर गाड्या लावू नका, रुग्णवाहिकेला वाट द्या. मग किंचित खरखर झाली आणि हे बोलायला लागले.

"लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. ट्रॉलीच्या चाकाजवळ आणि तलावाच्या पायऱ्यांवर मुलांना जाऊ देऊ नका. आणि पोरांनो, आईबाबांचा हात सुटला तर पळापळ करायची नाही. जिथं आहात तिथंच उभं राहायचं. आम्ही शोधत येतो."

टेम्पो वळून गेला. थोड्या वेळानं लेझीमवाली पोरं गेली, मागून गणपती गेला. शेजारीण म्हणाली, "चला की वहिनी, पोचवून येऊ."

मी नको म्हटलं. गल्ली रिकामी झाली. कोणी येणार नाही हे कळत होतं, तरी मी दारातून हलले नाही.