आतोबांना दिलेलं उत्तर

आत्याची तेरवी झाली त्या दुपारी मी सक्करदऱ्याच्या प्लॉटवर जाऊन आले. जोतं अजून आहे. आत बेशरमाची झुडपं माजली आहेत आणि स्वयंपाकघर जिथे यायचं होतं, तिथे कुणाची तरी बकरी बांधलेली होती.

ते जोतं बांधून झालं तेव्हा आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, खाप्याच्या शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. भिंती फंडाच्या पैशांतून चढायच्या होत्या. आत्याचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत गेला होता. पैसे हातात आले त्या रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आली. माझे वडील वर्षानुवर्षं शेअरांचे सौदे करत आले होते.

"साळेसाहेब," पानावरच आतोबा म्हणाले, "एक पक्का शेअर सांगा. दुप्पट झाले की वरचा मजलाबी घेतो."

बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर नाही म्हणण्याची आमच्या घरी रीत नव्हती. बाबांनी त्यांच्या भातावर तूप वाढलं.

"भाऊजी, तुमी विचारलं हा माझा मान हाय. पण पक्का शेअर मले आजवर भेटला नाही. जो पक्का म्हणून सांगते, त्याले बहुतेक आपलाच माल खपवायचा असते. घराचे पैसे घरात टाका. उरले त पोस्टात ठेवा."

"मंग तुमी काहून करता?"

"माझे बुडाले त मी उद्या पुन्हा जाऊन बसीन. तुमच्या भिंतीचे बुडाले त? अन् माझं पाहून त करूच नका. मी दुपारी सौद्यातून बाहेर पडतो, तुमाले ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरातबी दिसत नाही."

आतोबा खूष होऊन हसले. "वा! तोंड उघडलं, पण आतलं काही बाहेर पडू देलं नाही."

"लहानपणापासून असाच हाय तो," आत्या म्हणाली. "बोरं खिशात अन् म्हणे, नाही वं ताई माझ्यापाशी."

सगळे हसले. बाबाही हसले.

दुसऱ्या दिवसापासून आतोबा इतवारीतल्या दलालाच्या दुकानात जाऊन बसू लागले. बाबा तिथूनच फोनवर मुंबईला सौदे सांगत. कुणी हरकत घेतली नाही. जावई माणूस, बाबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. एका दुपारी बाबांनी फोनवर एका कापड गिरणीचे शेअर घ्यायला सांगितले. आतोबांनी ते ऐकलं. बाबा निघून गेल्यावर त्यांनी तोच शेअर घेतला, फंडाच्या जवळजवळ सगळ्या पैशांचा.

संध्याकाळी दोघं संत्रा बर्फी घेऊन आली. "तुमी सांगलं नाही, पण मी शिकलो," आतोबा म्हणाले आणि त्यांनी गिरणीचं नाव घेतलं.

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते हळूहळू, शाळेतल्या मुलाला समजावावं तसं पण आदरानं बोलले. हा शेअर पडणार असं वाटल्यामुळे त्यांनी तो जवळ नसतानाच आधी विकून ठेवला होता. भाव उतरल्यावर तेवढेच शेअर घेऊन दुपारी सौदा मिटवला. ती खरेदी म्हणजे त्यांचं बाहेर पडणं होतं. "भाऊजी, अजून वेळ हाय. उद्या बाजार उघडल्याबरोबर विका. थोडकं जाईन."

आतोबांनी डोळे बारीक केले. "म्हंजे मी विकावं, अन् तुमाले स्वस्तात भेटावं?" ते हसतच म्हणाले. गंमतच होती ती. बहुतेक.

"घे ना भाऊ," आत्यानं बर्फीची बशी पुढे केली. "घराची हाय." बाबांनी तुकडा उचलला आणि तसाच हातात धरून बसले.

पुढे त्या गिरणीला टाळं लागलं. भाव इतका खाली गेला की विकणं आणि ठेवणं यात फरक उरला नाही. आतोबा भाड्याच्या खोलीतच गेले, आणि आता आत्याही. दोघांनी बाबांना कधी एका शब्दानं दोष दिला नाही. "साळेसाहेबांनी घेतला म्हणून घेतला," एवढंच आतोबा लोकांना सांगत, अगदी कौतुकानं.

पण मला आठवते ती बर्फीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. बाबा मला स्कूटरवर मागे बसवून आत्याच्या खोलीवर गेले. माझ्यासमोर आत्या तरी ऐकेल असं त्यांना वाटलं असावं. दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, प्लॉटवर गेले. आम्ही सक्करदऱ्याला पोचलो तेव्हा दोघं जोत्यावर उभी होती आणि मिस्त्री फितीनं माप घेत होता.

"भाऊजी, बाजार उघडायच्या आधी—" बाबांनी सुरुवात केली.

"ते राहू द्या. पहिले हे सांगा," आतोबा मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "हे आमचे साळे, यांचा हातगुण चांगला हाय. बोला, वरचा जिना कुठून काढावा?"

आत्या पदर खोचून त्यांच्याकडे पाहत होती. मिस्त्रीही थांबला होता. परक्या माणसासमोर जावयाला खोटं पाडायचं, की गप्प बसायचं? बाबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग चपला काढल्या, जोत्यावर चढले आणि पूर्वेकडचा कोपरा दाखवला.