झुंबरबाईची सारवलेली पडवी

काष्टी गावात ज्याच्या घरात उंदीर तो झुंबरबाईच्या दारात, असा रिवाजच पडून गेला होता. तिच्या मांजरीची पिल्लं लोक धान्याच्या कोठीसाठी मागून न्यायचे, आणि ती प्रत्येकाला दम भरायची, "दूद पाजा, न्हाईतर माजी लेक माघारी धाडा!" पोटचं लेकरू नव्हतं, ते असं भरून निघायचं.

यंदा तिन्ही पिल्लं दोन दिवसांत गेली. ओकारी, हगवण; पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायची, पण घोट गिळेनात.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर नाकातून बोलत. "आज्जी, हा मांजरांचा पार्वो, विषाणूचा रोग. माणसाला होत नाही. पण लस न टोचलेलं पिल्लू क्वचित वाचतं. ओकारीतून, विष्ठेतून तो घरभर पसरलाय. हाताला, चपलेला, गोणपाटाला चिकटून फिरतो. वर्षभर टिकतो, फिनेलनं मरत नाही."

"मंग कशानं मरतो मुडदा?"

"ब्लीचनं. पण आधी फरशी साबणानं घासायची, मग पातळ ब्लीच दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवर ओतलं तर वाया जातं."

"फरशी कुठली आमच्यात? शेनानं सारवतो."

"मग वर्षभर नवं पिल्लू आणू नका. आणायचंच तर लशीचे डोस पुरे झालेलं आणा."

घरी येऊन तिनं पिल्लांच्या अंगाखालचं गोणपाट जाळलं. शेजारच्या पूजाला डॉक्टरांची नक्कल करून दाखवली, "व-र्ष-भ-र टिकतो!" आणि हसली. दोन महिने तिनं कळ काढली. मग अख्ख्या घराला ताज्या शेणाचा जाड हात दिला. सारवलं की घर शुद्ध, हे तिला आईच्या हातानं शिकवलेलं. वरून ब्लीचची बाटली ओतली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर वास.

दुसऱ्या दिवशी बहिणीकडून, राहीबाईकडून, पांढरं पिल्लू आणलं. "टोचू पुढच्या बाजाराला."

सहाव्या दिवशी ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं.

डॉक्टर आता नाकातून बोलले नाहीत. "ब्लीच कशावर ओतलंत?"

"शेनावर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. सलाईन लावलं. पिल्लू पहाटे गेलं.

महिन्यानं पूजाचं तांबूस पिल्लू वाट चुकून अंगणात आलं. पायरीकडे निघालं. झुंबरबाईनं खराटा उचलून त्याच्यापुढं आपटला. पिल्लू उलट्या पावली पळालं.

"आज्जे! मांजराला मारतीस? काशीला सोन्याचं मांजर वाहूनबी पाप फिटत न्हाई!"

"लागू दे पाप! आदी टोचून आन त्याला, मंग मला शिकव! आन् ह्या पायरीच्या आत तूबी येऊ नगं!"

पूजानं पिल्लू पोटाशी धरलं. "म्हातारी बिघडली," असं म्हणत निघून गेली.

पिल्लाला लागलं तर नसेल? बघून यावं म्हणून झुंबरबाई उठली. पायांत चपला सरकवल्या. मग त्या चपलांकडे बघितलं, काढल्या. अनवाणी पायांकडेही बघितलं, आणि परत पडवीत, सारवलेल्या जमिनीवर बसली.