टक्क्याचं बटण

नागपुरात जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात मी दिवसभर दाखले टाइप करायचे. 'मृत्यू'तल्या 'त्य'साठी अर्धा त, मग य, अशी दोन बटणं आपटावी लागत. वैतागून मी सीताबर्डीच्या टाइपरायटर मेकॅनिकला म्हटलं, 'त्य' एकाच बटणावर बसवा.

"मंग काढू कोणतं, बाई?"

टक्क्याचं चिन्ह दाखल्यांत कधी लागत नसे. ते काढून त्याने तिथे 'त्य'चा ठसा डाख देऊन बसवला.

पुढे वडील कामठीला वारले. तिथल्या नोंदणी ऑफिसातला टायपिस्ट रजेवर होता.

"तुमीच टाइप करून घ्या," कारकून म्हणाला.

मी केलं. बोट सवयीने माझ्या मशीनवरच्या 'त्य'च्या जागी गेलं. वडिलांच्या दाखल्यावर 'मृत्यू'च्या मधोमध टक्क्याचं चिन्ह उमटलं. रडू आलं नाही. दुसरा फॉर्म चढवला. अर्धा त दाबला, मग य. कित्येक वर्षांनी तो शब्द मी पुरता टाइप केला.