‘जा’ नव्हे, ‘या’: नववीनं दहावीला दिलेला निरोप

आमच्या शाळेत दहावीला निरोप नववी देते. भाषणं शिक्षकांची, जेवण पालकांचं आणि गाणं नववीचं. यंदा ते गाणं माझ्याकडे आलं आणि मुख्याध्यापकांनी आधीच सांगून टाकलं, “बाई, तालीम मी ऐकणार. गेल्या वर्षीसारखं होणार असेल तर गाणं बंद. स्पीकरवर काहीतरी लावू, पोरं नाचतील.”

गेल्या वर्षी काय झालं होतं ते सगळ्या उचगावला ठाऊक आहे. मोबाइलवरून तयार ट्रॅक लावला होता. ट्रॅकची पट्टी उंच. मुली चढल्या वर, पण मुलांचे आवाज त्याच वर्षी फुटलेले. पहिल्या ओळीला दोन-तीन जण किंचाळले, मग सगळे नुसतं तोंड हलवत उभे राहिले. समोरच्या दहावीनं अशी हुर्यो केली की बिचाऱ्यांना स्टेजवरून उतरायची वाट सापडेना. आता तीच हसं झालेली पोरं दहावीत होती आणि उट्टं काढायला टपून बसली होती. मैदानावरून जाताना मी स्वतः ऐकलं, “औंदा आमची पाळी हाय.”

मला असल्या गोष्टींचा राग येतो. स्पीकर लावून निरोप? मग निमंत्रणालाही स्पीकरच पाठवा की! मी ठरवलं, गाणं होणार, आणि अख्खी नववी गाणार. एकही पोरगा तोंड हलवत उभा राहणार नाही.

चाल साधी घेतली, केरव्याची, टाळीवर धरता येईल अशी. मुलींसाठी पेटीवर काळी चार. मुलांना त्या पट्टीत ओढायचंच नाही, असं मनाशी पक्कं केलं. फुटलेला आवाज सुरात बसत नाही, पण बोलायला काय धाड भरली आहे त्याला? मधल्या सुट्टीत मैदानाच्या ह्या टोकाची हाक त्या टोकाला पोचवतात ही कार्टी. तेव्हा मुली गातील आणि मुलं बोलतील, असं ठरलं.

शब्द मीच लिहिले. पहिल्या खर्ड्यात ध्रुवपद होतं, “जा सुखाने, जा पुढे.” मला फार आवडलं होतं ते. वर्गात वाचून दाखवलं तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी राधानगरीकडची एक मुलगी उठली. इथं मावशीकडे राहून शिकते, बोलते कमी, पण बोलली की रोखठोक.

“बाई, रागावणार न्हाईसा न्हवं?”

“बोल.”

“घरातनं कुणी निघालं तर आमच्यात ‘जा’ म्हणत न्हाईत. ‘या’ म्हणत्यात. निघणारा बी ‘येतो’ म्हणतो. ‘जा’ म्हटलं की आजी थोबाडच फोडंल.”

सगळा वर्ग, “व्हय की बाई!” म्हणून ओरडला. मी एवढी मराठीची बाई, आयुष्यभर उंबऱ्यावर ‘येते’ म्हणणारी, आणि कागदावर आल्याबरोबर पोरांना ‘जा’ म्हणून हाकलत होते! ओळ तिथंच खोडली. वर्गातच नवं ध्रुवपद जुळलं आणि त्यामागून बाकीचं आलं. मुली गाणार होत्या ते असं:

दार उघडे ठेवू आम्ही, कधीही तुम्ही या,
नवे काही शिकून या, जुने सांगत या.
या हो या, परत या!

लिंबाखाली डबे उघडू, जागा तुमची सोडू,
तुम्ही घातल्या रीती साऱ्या, एकही ना मोडू.
या हो या, परत या!

ह्या दोन कडव्यांच्या मध्ये मुलं. एकानं विचारायचं, बाकीच्यांनी एका दमात उत्तर द्यायचं:

कबड्डीत तंगडी कुणी धरली? — तुम्ही!
गुडघा फुटला, हळद कुणी लावली? — तुम्ही!
गणित चुकलं, हसलं कोण? — तुम्ही!
मागनं बसून शिकिवलं कुणी? — तुम्ही!
हाय का न्हाय? — हाय की!

तालमीला खरी मेहनत श्वासावर झाली. ‘परत या’ मधला ‘या’ लांबवायचा, तर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की गाणं मधेच तुटतं. म्हणून पुढच्या रांगेनं ‘या हो’ नंतर श्वास घ्यायचा, मागच्या रांगेनं ‘परत’ च्या आधी. मुलांना सांगितलं, ‘तुम्ही’ तोंडातल्या तोंडात नको, समोरच्या माणसाच्या छातीवर टाका. आणि आवाज चिरकला तर थांबायचं नाही, हसायचं नाही, पुढचा शब्द उचलायचा. प्रश्न विचारणारा मुलगा मी मुद्दाम सगळ्यात जास्त चिरकणारा निवडला. तो म्हणाला, “बाई, माझी लाज जाईल.” म्हटलं, “तू निभावलंस तर बाकीच्यांची भीड आपोआप मोडेल.”

मुख्याध्यापकांनी तालीम ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “शाळेच्या स्टेजवर हाय-न्हाय?”

“सर, पोरं भांडतात ह्याच बोलीत आणि रडतात ह्याच बोलीत. निरोप तेवढा दुसऱ्या बोलीत कशाला?”

ते म्हणाले, “हुर्यो झाली तर पुढच्या वर्षी गाणं मागू नका.” मी म्हटलं, “कबूल.”

समारंभाच्या दिवशी दहावीची मुलं मागच्या बाकांवर बाह्या सरसावूनच बसली होती. पहिलं कडवं मुलींनी छान उचललं. मग आमचा प्रश्नवाला पुढे आला. “कबड्डीत तंगडी” पर्यंत ठीक, आणि ‘कुणी’ वर आवाज असा चिरकला की सभागृह फिस्सकन हसलं. मागून शिट्टी आली. पण पोरगा वाघ निघाला. थांबला नाही. “धरली?” म्हणून त्यानं सरळ मागच्या बाकांकडे बोट केलं आणि त्याच्या पाठीमागून नववीच्या चाळीसेक मुलांनी एका दमात टाकलं, “तुम्ही!”

शिट्टी बंद. हळदीच्या ओळीला हसू आलं, पण ते वेगळं हसू होतं. ‘मागनं बसून शिकिवलं कुणी’ म्हटलं तेव्हा मागच्या बाकांवर कोणी मान वर करीना. शेवटचा ‘परत या’ मुलींनी लांबवला, तो कुठंही तुटला नाही.

टाळ्या झाल्या. मी पेटीचा भाता लावत होते, तेवढ्यात दहावीतला एक दांडगा मुलगा स्टेजपाशी आला. शिट्टी मारणारा हाच असावा असा माझा अंदाज.

“बाई, आमास्नी बी म्हणू द्या की. एकदाच. गेल्या वर्षी आमचं ऱ्हायलंय.”

मुख्याध्यापक म्हणाले, “जेवण निवतंय.”

“निवू दे,” मी म्हटलं, आणि पेटी पुन्हा उघडली.

दहावीची सगळी मुलं वर चढली आणि नववीच्या मुलांच्या शेजारी खेटून उभी राहिली. प्रश्न त्या दांडग्यानं विचारले. वर्षभरात त्यांचे आवाज बसले होते, भरदार झाले होते. कुठं चिरकले नाहीत, कुठं हलले नाहीत, घरातल्या मोठ्या माणसांसारखे. मला रडू आलं. नववीच्या मुली वळून त्यांच्याकडे बघत गायल्या, “परत या,” आणि त्या भरदार आवाजांनी, कुणी शिकवलं नसताना, एकदम उत्तर दिलं, “येतो!”