सापडेना ती सरासरी

परीक्षक बाहेरगावाहून आले होते. आवाज खालचा, चष्मा नाकावर, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. मला असल्या माणसांची फार भीती वाटते. ओरडणारा माणूस बरा, निदान तो कुठे आहे ते कळतं.

वाशिमला पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टची परीक्षा चालू होती. पुण्यातल्या एका कंपनीने मला घेतलं होतं, पण अट घालून: सगळे विषय पहिल्याच फटक्यात सुटले पाहिजेत. एक राहिला की नोकरी गेली. बाकीचे सुटले होते, हा एवढाच उरला होता. जऊळक्याला घरी बाबा रेल्वेतली ट्रॅकमनची ड्यूटी बदलून फोनजवळ बसले होते.

प्रोजेक्ट दोघींचं होतं, माझं आणि माझ्या मैत्रिणीचं. सोयाबीनच्या पोत्यांमधला ओलावा मोजायचा आणि सरासरी काढून माल विकायला काढावा की वाळू द्यावा ते सांगायचं. मुख्य फाइल तिची. सरासरी काढणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, माझं, वेगळ्या फाइलमध्ये. त्या फंक्शनचं नाव आणि त्याला काय द्यायचं एवढंच हेडर नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये घोषित केलेलं. तीन वर्षं आमच्या लॅबमध्ये प्रत्येक प्रोग्राम एकाच फाइलमध्ये लिहायचा, प्रोग्राम चालवायची एफ नऊची कळ दाबायची आणि मोकळं व्हायचं, अशी रीत. वेगवेगळ्या फाइलींचा शहाणपणा आम्हा दोघींचाच. तिच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालत होतं. तिथून फाइली पेनड्राइव्हवर घेऊन आलो, मुख्य फाइल उघडली, एफ नऊ दाबलं.

पडद्यावर आलं: अनडिफाइन्ड रेफरन्स टू सरासरी.

नेहमीची चूक असली की कम्प्युटर ओळ दाखवतो. इथे ओळच नाही. सरासरी म्हणून काही आहे असं त्याला सांगितलं होतं, पण ती सापडत नव्हती.

"तू लिहिलंच नाही का वं ते?" मैत्रीण कुजबुजली.

"लिहिलं ना. हे पाय." मी माझी फाइल उघडून दाखवली. फंक्शन समोर होतं, कंसासकट.

"मंग त्याले काहून दिसून नाही राह्यलं?"

मला काय ठाऊक? नावाचं एकेक अक्षर ताडून पाहिलं. हेडरमधली ओळ आणि माझी ओळ, तंतोतंत तीच. फंक्शन पुसून पुन्हा लिहिलं, सेव्ह केलं, मुख्य फाइलवर येऊन एफ नऊ. तेच. घाईत कळा दोनदोनदा दाबल्या जात होत्या. परीक्षक दुसऱ्या रांगेत आले तसा मला घरचा फोन दिसायला लागला, आणि त्याच्याजवळ बसलेले बाबा. पुन्हा लिहिलं, पुन्हा एफ नऊ, पुन्हा तेच.

परीक्षक कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. मी माझ्याच फाइलमध्ये होते.

"इथे ओळीच्या शेवटी सेमिकोलन राहिला आहे," ते म्हणाले, आणि शेजारच्या टेबलाकडे वळले.

खरंच राहिला होता. घाईत पुसला गेला असणार. मला रडूच येणार होतं. सेमिकोलन भरायला हात पुढे नेला आणि थांबले. प्रोग्राम वाचून तपासणारा हा कम्पायलर एका सेमिकोलनसाठी जीव खातो. आत्ताच एफ नऊ दाबलं होतं, मग त्याची एका शब्दाने तक्रार का नाही?

त्याने माझी फाइल पाहिलीच नव्हती. एफ नऊ फक्त समोरची एक फाइल घेत होतं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर दोन्ही फाइली आणखी एका फाइलने एकत्र बांधलेल्या होत्या, आणि ती जोडणारी फाइल तिथेच राहिली होती.

हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि कम्पाइलच्या हुकमात दोन्ही फाइलींची नावं दिली. लगेच कम्पायलरने सेमिकोलनवरून माझी खरडपट्टी काढली. इतकी गोड शिवी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. सेमिकोलन भरला. प्रोग्राम चालला. परीक्षक परत आले, दोघींना दोनदोन प्रश्न विचारले, मान हलवली आणि जाताजाता म्हणाले, "झालं तुमचं. पास आहात."

जिन्यात बसून बाबांना फोन लावला.

"पास झाली बाबा. सुटला विषय."

"मंग रडतं काहून?"

मीही मनाशी म्हटलं, घाबरण्याचं काम तर संपलं, मग हे रडू कसलं? आणि तेव्हा मला कळलं. जऊळका आणि वाशिम यापलीकडे मी एकटी कधी गेलेच नव्हते.

"बाबा, आता मले खरंच जा लागन पुण्याले."

पलीकडून रुळांवरून गाडी गेल्याचा आवाज आला.

"हो ना माय," ते म्हणाले. "सकाळपासून मले त्याचंच भेव लागून होतं."