प्रमोदिनीबाईंचा कवायतीचा तास

एकोणीसशे एक्कावन्न साली मी देवासच्या मुलींच्या शाळेत नवी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा प्रमोदिनीबाई तिथे कवायत शिकवत होत्या. मूळच्या धारच्या, वडील दरबारात कारकून. लहानपणी भावांच्या मागे लागून त्या तिथल्या मुंज तलावात पोहायला शिकल्या होत्या. पंचेचाळिशीतही नऊवारीचा काष्टा घट्ट मारून मुलींबरोबर शिवाशिवी खेळायच्या आणि राज्य आलं की मुकाट्याने घ्यायच्या.

श्रावणात त्या तापाने पडल्या आणि त्यांचा तास माझ्याकडे आला. मी गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी बांधली, मुलींची रांग लावली आणि एकेकीला उडी मारायला सांगितलं. सीता नावाची अकरा वर्षांची मुलगी दोरीपाशी येऊन थबकली. पोरी हसू लागल्या. मला वाटलं, जरा दरडावलं की भीती जाईल. मी दरडावलं. तिने डोळे मिटून उडी मारली, दोरीत पाय अडकला आणि ती तळहातांवर आपटली. खरचटलं थोडंच, पण पुढच्या दोन्ही तासांना तिच्या पोटात दुखू लागलं.

बाई कामावर परतल्या त्याच दिवशी सीताचे वडील, मल्हारराव, शाळेत आले. वीस वर्षं संस्थानच्या पागेत घोडे शिकवण्यात काढलेला माणूस, आता टांगा हाकत होता. शिपायाने माळवी ढंगात "आओ मल्हार भिया" म्हणून त्यांना आत आणलं. मुलीला कवायतीतून सूट हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. ती अंगाने जड, अभ्यासात हुशार, बसून वाचेल. मी मान खाली घालून झाला प्रकार सांगितला. बाईंनी मल्हाररावांना विचारलं, "शिंगराला उडी कशी शिकवता हो तुम्ही?"

"आधी बांबू जमिनीवर ठेवायचा," ते म्हणाले. "चालत ओलांडू द्यायचं. मग वीतभर वर. घाई करायची नाही. एकदा बुजलं की वर्षभर बांबूजवळ फिरकत नाही." एवढं बोलून ते थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "म्हणजे आमची सीता बुजलीय तर."

बाईंनी महिनाभराची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून दोरी जमिनीवर आली. मुलींनी ती चालत ओलांडली, मग पळत, मग एका पायावर. त्यानंतर व्हरांड्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून खाली उडी. मांजरासारखं उतरायचं, गुडघे वाकवून, आवाज न करता. बाई म्हणत, जिला नीट उतरता येतं तिला उडीची भीती राहत नाही. उंची जिची तिने ठरवायची. सीता आठवडाभर खालच्याच पायरीवर होती. कोणी तिला घाई केली नाही. एका सकाळी ती आपणहून दुसऱ्या पायरीवर चढली, धप्प आवाज झाला, स्वतःच नाक मुरडून पुन्हा चढली.

पालकांच्या सभेत काही जणांनी विचारलंच, की मुलींना पळण्याउडण्याची परीक्षा नाही, नोकरी नाही, मग हा खटाटोप कशाला? बाई उभ्या राहिल्या. मूल वाचायला शिकतं तसंच अंग वापरायलाही शिकतं, त्या म्हणाल्या. पळणं, थांबणं, वळणं, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं हे कुणी पोटातून शिकून येत नाही. मग आम्हा नव्या शिक्षिकांकडे वळून म्हणाल्या,

"अंगाला जमायला हवं. आपल्याला जमेल, असं मनाला वाटायला हवं. आणि उद्या पुन्हा करावंसं वाटायला हवं. यातलं एक गेलं की उरलेली दोन फार दिवस टिकत नाहीत. पहिली कोण आली, हे मी म्हणूनच कधी विचारत नाही. शाळा सुटल्यावरही कोण खेळतंय, ते बघते."

मागच्या रांगेतून मल्हारराव म्हणाले, "सुटल्यावर आमची घरी येतच नाही, बाई. चूल पेटवायला तिची आई वाट बघते." सभा हसली. सीताची आई जानकीबाई सगळ्यांत जास्त.

दोरीवरून उड्या मारण्यात सीता वर्गात कधी पहिली आली नाही. पण अठ्ठावन्न साली उदयनगरच्या शाळेत मास्तरीण म्हणून गेल्यावर तिने तिथल्या जंगलातल्या वाटांवर सायकल शिकून घेतली. दोनदा पडले, तिसऱ्यांदा ओढ्यापर्यंत गेले, असं तिने बाईंना पत्रात कळवलं. पत्र वाचून बाई गप्प बसल्या नाहीत. दिवाळीच्या सुटीत स्वतः सायकल शिकायला म्हणून मला घेऊन मोटारीने उदयनगरला गेल्या. सीताने मागून सायकलची सीट धरली, धापा टाकत सूचना दिल्या, आणि बावन्न वर्षांच्या प्रमोदिनीबाई शाळेच्या मैदानात डुगडुगत निघाल्या. कुंपणापाशी त्या कलंडल्या. उठून लुगड्यावरची माती झटकली आणि सीताला म्हणाल्या, "आता सोड, पण सांगू नकोस कधी सोडलंस ते."