आठव्या धड्यातला गुणी माणूस

माझी वहिनी गावात नव्याने आलेल्या लोकांना आपली भाषा शिकवते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, रोज सकाळी. धडे तिने स्वतः लिहिलेले. आठव्या धड्यात प्रवासी एका अनोळखी माणसाला स्टेशनचा रस्ता विचारतो, आणि तो माणूस इतका गुणी की विचारू नका! "सरळ जा. मग डावीकडे वळा. समोरच स्टेशन आहे." असा माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही. पण वहिनीला सांगायची सोय आहे का? अकरा वर्षांत तिने त्या धड्याच्या एका अक्षराला हात लावला नव्हता.

गेल्या महिन्यात तिच्या वर्गातली शिवणकामवाली रडवेली होऊन आली. गुरुवारी तिला एकटीने गाडी पकडून शेजारच्या गावी कपड्यांच्या कारखान्यात जायचं होतं. तिथे शिवून दाखवलं की नोकरी पक्की. तालीम म्हणून तिने रस्त्यात एका बाईला स्टेशन विचारून पाहिलं. प्रश्न अगदी झकास विचारला. त्या बाईने एका दमात उत्तर दिलं, "अहो, पूल बंद आहे ना, दवाखान्याच्या मागून जा, पण गल्लीत शिरू नका हं, आणि गाडी कुठली तुमची?" हिला ओ की ठो कळलं नाही. धन्यवाद म्हणून सरळ घरी आली.

"गुरुवारी मी जात नाही," ती म्हणाली.

वहिनीचा चेहरा एवढासा झाला. मला राहवलं नाही. "तुझ्या त्या गुणी माणसाला आधी हाकल बघू!"

"मग तूच हो अनोळखी," वहिनी फणकारली. "कागद नको. तोंडाला येईल ते बोल."

ते मला छान जमतं. दोन दिवस मी पूल, दवाखाना, बाजार, माझी गुडघेदुखी, सगळं एका श्वासात सांगितलं. प्रवाशाच्या वाट्याला वहिनीने नवी वाक्यं दिली: "जरा सावकाश सांगा." "म्हणजे आधी डावीकडे, बरोबर?" "तुम्हाला नक्की माहीत आहे?" पहिल्या दिवशी बिचारी गांगरली. दुसऱ्या दिवशी तिने हात वर करून मला मध्येच अडवलं, "थांबा! आधी दवाखाना, मग डावीकडे. बरोबर?" मी इतकी खूश झाले की पुढचं विसरलेच.

गुरुवारी वहिनीने वर्गात तीनदा चुकीचं पान उघडलं. शेवटी फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"बाई, गाडीत बसले! पहिला माणूस उजवीकडे म्हणाला. मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, नाही. मग मी दुसऱ्याला विचारलं."

सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. वहिनीने डोळे पुसले, आठवा धडा काढला, अनोळखी माणसाचं उत्तर खोडलं आणि तिथे लिहिलं, "मला नक्की माहीत नाही हो. दुसऱ्या कोणाला विचारा."